दहा टक्के जास्तीचं क्रेडिट घ्यावं की सरळ पैसे परत?

प्रश्न: "नागपूर–बेंगळुरू जायची-यायची आमची चार तिकिटं होती, एकूण ₹38,400. प्रवास 21 ऑक्टोबरचा होता. 12 तारखेला कंपनीचा मेल आला की फ्लाइट रद्द. आता एकतर ₹42,240 चं क्रेडिट घ्या, सहा महिन्यांत वापरा, नाहीतर रिफंड मागा. सात दिवसांत कळवलं नाही तर क्रेडिट मान्य आहे असं धरू, असंही लिहिलंय. सीताबर्डीचा आमचा एजंट म्हणतो, रिफंडच्या भानगडीत पडू नका, महिनोन्महिने लागतात, क्रेडिटमध्ये वर दहा टक्के मिळतायत. अटींचा कागद सोबत जोडला आहे. काय घ्यावं?"

ताई, रिफंड घ्या. कारणं पुढे सांगतो, पण त्याआधी एक काम लगेच करा, किंवा खरं तर करू नका: कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन स्वतःच्या हाताने "कॅन्सल" दाबू नका. आणि एजंटलाही तसं करू देऊ नका. कंपनीने रद्द केलेलं उड्डाण आणि प्रवाशाने रद्द केलेलं तिकीट या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवाशाने रद्द केलं की कॅन्सलेशन चार्ज लागतो, आणि स्वस्तातल्या तिकिटात तर बहुतेक भाडं त्यातच जातं. घाईघाईत लोक मेल वाचतात, ॲप उघडतात, समोर दिसेल ते लाल बटण दाबतात आणि हक्काचे पूर्ण पैसे सोडून उरलेसुरले घेऊन बसतात. धरमपेठेतल्या माझ्या काउंटरवर 23 वर्षांत अशी प्रकरणं किती आली याची मी मोजदादच ठेवली नाही. रद्द झाल्याचा जो मेल किंवा एसएमएस आलाय त्यातल्याच लिंकवरून उत्तर द्यायचं. आधी त्याचा स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि वेळ दिसेल असा.

आता मुद्द्याचं. विमान कंपनीने उड्डाण रद्द केलं तर प्रवाशाला दुसरं उड्डाण किंवा परतावा द्यायचा, आणि दोहोंपैकी काय ते प्रवाशाला मान्य असेल ते, हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, म्हणजे डीजीसीएचा नियम आहे. तिकिटांच्या परताव्याबद्दल त्यांचा वेगळा नियम आहे, आणि त्यात क्रेडिट शेलचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे. क्रेडिट शेल म्हणजे तुमचे पैसे परत न करता कंपनीने स्वतःकडे तुमच्या नावे जमा दाखवणं. नियम असं सांगतो की ही रक्कम अशी ठेवायची की नाही हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने आपली सर्वसाधारण पद्धत म्हणून ते लादायचं नाही. त्यामुळे "सात दिवसांत कळवलं नाही तर क्रेडिट मान्य धरू" हे वाक्य त्या नियमाच्या विरुद्ध जातं. तरीपण मी तुम्हाला सांगेन की त्याच्यावर विसंबून गप्प बसू नका. 19 तारीख उलटली आणि खात्यावर क्रेडिट पडलं, की मग ते मागे फिरवायला भांडावं लागतं. आज दोन ओळींचा मेल पाठवला तर भांडण निघणारच नाही.

नुकसानभरपाईचं विचारलं नाहीत, पण शेजारीपाजारी कुणीतरी सांगणारच की दहा हजार मिळतात म्हणून, तर तेही इथेच उरकतो. पाच, साडेसात किंवा दहा हजारांपर्यंतची भरपाई आहे खरी, पण ती वेळेवर कळवलंच नाही तेव्हाची. तुम्हाला नऊ दिवस आधी कळवलं. त्यामुळे तुमचा हक्क पर्यायी उड्डाणाचा किंवा पूर्ण परताव्याचा. भरपाईच्या मागे लागून मूळ मागणी लांबवू नका.

तुम्ही जोडलेला अटींचा कागद मी दोनदा वाचला. लोक वरचा ठळक आकडा वाचतात, ₹42,240, आणि खालचं बारीक अक्षर सोडून देतात. खरा व्यवहार त्या बारीक अक्षरात असतो. तुमच्या कागदात चार कलमं अशी आहेत की त्यांच्यामुळे तो आकडा आकडाच राहत नाही.

पहिली मुदत. "सहा महिने" म्हटलं की आपल्या डोक्यात येतं की सहा महिन्यांत तिकीट काढलं की झालं. कागदात लिहिलंय की प्रवास सहा महिन्यांच्या आत पूर्ण झाला पाहिजे, आणि हे सहा महिने मेलच्या तारखेपासून धरायचे. म्हणजे 11 एप्रिल. आता मला सांगा, मुलं शाळेत असतील तर एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात परीक्षा. नागपूरचं उन्हाळ्याच्या सुट्टीतलं फिरणं एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात, आणि तुमचं क्रेडिट त्याआधीच मेलेलं. दिवाळी तर आता तोंडावर आहे, तेव्हा जाणं होणारच नाही. मग उरलं काय, तर डिसेंबरची नाताळची सुट्टी, जेव्हा बेंगळुरूची भाडी नेहमीपेक्षा चढलेली असतात. अटी वाचताना "बुकिंगची शेवटची तारीख" आणि "प्रवासाची शेवटची तारीख" यांतलं नेमकं कोणतं लिहिलंय हे आधी शोधायचं. दोन्हींत कधी कधी वर्षभराचं अंतर पडतं. जायच्या आणि यायच्या, दोन्ही बाजूंचा प्रवास मुदतीत बसला पाहिजे का, हेही बघायचं. तुमच्यात दोन्ही बसले पाहिजेत.

दुसरं, क्रेडिट कशाला चालतं. तुमच्या कागदात म्हटलंय की ते भाड्यापुरतंच चालेल, विमानतळ शुल्क आणि कर वेगळे भरायचे. आणि सगळ्यात स्वस्त, सवलतीच्या भाड्याच्या प्रकाराला ते चालणार नाही. तिसरं कलम म्हणतं, क्रेडिट एकाच वेळी वापरायचं, उरलेली रक्कम पुढे नेता येणार नाही. ही तीन कलमं सुटी सुटी वाचली तर साधी वाटतात. एकत्र मांडून बघू.

समजा तुम्ही जानेवारीत परत बेंगळुरूलाच जायचं ठरवलं, तीच चार माणसं, आणि नशिबाने भाडंही तेवढंच निघालं. चार जणांचं जाणं-येणं म्हणजे आठ तिकिटं, एकेक ₹4,800. त्यातले ₹800 विमानतळ शुल्क आणि करांचे धरा, बाकी ₹4,000 भाडं. रिफंड घेतला असता तर हातातल्या ₹38,400 मध्ये सगळं बसलं असतं आणि विषय संपला असता.

आता हेच क्रेडिटने काढा. स्वस्त प्रकार चालत नाही, म्हणून त्याच्या वरचा प्रकार घ्यावा लागला. तो तिकिटामागे ₹450 ने महाग धरा. भाडं झालं ₹4,450, आठाचे ₹35,600. हे क्रेडिटमधून गेले. शुल्क आणि कर, ₹800 आठ वेळा, ₹6,400, हे तुमच्या खिशातून नगद. आणि क्रेडिटमध्ये उरले ₹6,640, जे एकदाच वापरण्याच्या अटीमुळे गेले. म्हणजे कंपनीने दिलेले जास्तीचे ₹3,840 तर गेलेच, वर ₹6,400 तुम्ही पुन्हा भरले. दहा टक्क्यांचा फायदा ज्याला म्हणतोय तो असा दिसतो. आकडे वेगळे धरले तर तोटा कमीजास्त होईल, पण या तिन्ही अटी एकत्र असताना फायदा व्हायला क्रेडिटच्या रकमेला तंतोतंत जुळणारी तिकिटं लागतात, आणि ती कधीच जुळत नाहीत.

याचा चटका मी स्वतः खाल्लाय, हे कबूल करतो. धंद्यातला माणूस असूनही. काही वर्षांपूर्वी माझं आणि बायकोचं पुण्याचं तिकीट रद्द झालं, ₹11,200 चं क्रेडिट आलं, मी "होऊ दे, आपल्याला लागतंच" म्हणून घेतलं. पुढच्या वेळी एकट्यालाच जायचं होतं, ₹7,900 लागले. काउंटरवर बसून दुसऱ्यांना रोज अटी वाचून दाखवतो, आणि माझे ₹3,300 त्याच अटीत अडकले. कंपनीच्या माणसाने फोनवर फार गोड आवाजात सांगितलं, सर, उर्वरित रक्कम लॅप्स झाली आहे. नाव घेत नाही, तेव्हा चूक त्यांची कमी आणि माझी जास्त होती.

चौथं कलम नावाचं. तुमच्या कागदात क्रेडिट ज्या चार नावांनी तिकीट होतं त्यांच्यासाठीच आहे, आणि प्रत्येकाच्या वाट्याला ₹10,560. मुलगा परीक्षेमुळे आला नाही, तर त्याचे ₹10,560 तुम्हाला वापरता येत नाहीत. काही कंपन्या एकाच पीएनआरवरची रक्कम कुणाच्याही नावाने वापरू देतात, काही घरातल्यांपुरतं देतात, म्हणून हे प्रत्येक वेळी वाचावंच लागतं. आणि याला जोडून एक गोष्ट, जी अटींच्या कागदात सहसा नसते: तिकीट एजंटच्या आयडीवरून काढलेलं असेल तर क्रेडिट पुष्कळदा त्याच आयडीला चिकटून राहतं. मग तुम्हाला पुढचं तिकीट त्याच एजंटकडून काढावं लागतं. तुमचा एजंट क्रेडिट घ्या म्हणून आग्रह धरतोय त्यात हेही असू शकतं. वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. क्रेडिट घेतलं की गिऱ्हाईक परत येतं, आणि रिफंडच्या मागे लागण्याची डोकेदुखी वाचते. मीही तेच सांगितलं असतं, वीस वर्षांपूर्वी.

अजून एक तपासण्यासारखं: क्रेडिट वापरून काढलेलं नवं तिकीट उद्या पुन्हा रद्द झालं तर? तुमच्या कागदात यावर एक अक्षर नाही. व्यवहारात बहुतेक वेळा रक्कम परत क्रेडिटमध्येच जाते आणि जुनीच मुदत चालू राहते, पैसे म्हणून कधी बाहेर येत नाही. म्हणजे एकदा आत गेलेला रुपया पुन्हा नगद होणं अवघड. या एका कारणासाठीसुद्धा पहिल्याच वेळी नीट ठरवावं.

आणि मग ती जोखीम, जिच्याबद्दल कुणी बोलत नाही. क्रेडिट हातात असणं म्हणजे तुम्ही विमान कंपनीला बिनव्याजी, बिनतारण उसने पैसे दिलेत. कंपनी धडधाकट असेल तोवर ठीक. जेट एअरवेजने 17 एप्रिल 2019 च्या रात्री शेवटचं उड्डाण केलं. गो फर्स्टने 2 मे 2023 ला दिवाळखोरीचा अर्ज केला, दुसऱ्या दिवसापासून उड्डाणं बंद, आणि जानेवारी 2025 मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने तिच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून ती गुंडाळण्याचा, आदेश दिला. अशा वेळी ज्यांच्याकडे क्रेडिट असतं त्यांना इतर घेणेकऱ्यांच्या रांगेत दावा भरावा लागतो, आणि रांगेत बँका पुढे असतात. ज्यांनी कार्डाने पैसे भरले होते आणि क्रेडिट स्वीकारलं नव्हतं, त्यांना निदान बँकेकडे चार्जबॅक मागायचा मार्ग असतो, म्हणजे सेवा मिळाली नाही म्हणून कार्ड कंपनीमार्फत पैसे मागे खेचणं. साधारण 120 दिवसांची मुदत असते त्याला. पण क्रेडिट एकदा "मान्य" केलं की बँक विचारते, तुम्ही पर्याय स्वीकारला होता ना? आणि दावा तिथेच लंगडा होतो.

इथे मला हमखास एक गोष्ट ऐकवली जाते: "सुप्रीम कोर्टाने सांगितलंय ना, क्रेडिट वापरलं नाही तर पैसे परत द्यायचे." सांगितलं होतं, पण कशाबद्दल ते बघा. 1 ऑक्टोबर 2020 चा तो निकाल कोविडच्या टाळेबंदीत रद्द झालेल्या प्रवासापुरता होता. त्यात क्रेडिट 31 मार्च 2021 पर्यंत चालणार होतं, दुसऱ्याच्या नावे करता येत होतं, रद्द झाल्यापासून 30 जून 2020 पर्यंत दरमहा 0.5 टक्के आणि पुढे 0.75 टक्के दराने वाढत होतं, आणि मुदतीपर्यंत न वापरल्यास कंपनीने पैसे परत करायचे होते. तुमच्या हातातल्या कागदाशी ताडून बघा, यातलं एकही त्यात नाही. म्हणून जुन्या निकालाच्या भरवशावर नवं क्रेडिट घेऊ नका. पण तो निकाल मोजपट्टी म्हणून छान आहे: कुणी क्रेडिट पुढे केलं की विचारायचं, हे दुसऱ्याच्या नावे होतं का, आणि नाही वापरलं तर नगद होतं का. दोन्हींचं उत्तर नाही असेल तर त्याची किंमत लिहिलेल्या आकड्यापेक्षा बरीच कमी आहे असं समजायचं.

आता रिफंड घ्या म्हणतोय म्हणून रिफंडच्या अटी वाचायच्या नाहीत असं नाही. त्यातही खड्डे आहेत, फक्त उथळ.

पहिलं, रक्कम. पूर्ण ₹38,400 लिहिलंय का बघा, आणि त्यात दोन्ही बाजूंचं भाडं धरलंय का बघा. कधी कधी जायचं उड्डाण रद्द होतं आणि यायचं चालू असतं, मग रिफंडच्या पानावर फक्त एका बाजूची रक्कम येते. तुमचं एकाच पीएनआरवर आहे आणि क्रेडिटचा आकडाही दोन्ही बाजूंवर काढलाय (38,400 वर दहा टक्के म्हणजे बरोबर 42,240), तेव्हा रिफंडही दोन्हींचाच यायला हवा. कमी आकडा दिसला तर "प्रोसीड" करू नका, आधी विचारा. परतावा करून देण्यासाठी कंपनीला वेगळं शुल्क लावता येत नाही. एजंटने तिकिटावर स्वतःची सेवा फी घेतली असेल तर ती मात्र विमान कंपनीकडे गेलेलीच नसते, ती कंपनीकडून येणार नाही. त्याच्या बिलात ती वेगळी दाखवलीय का बघा. दाखवली नसेल तर एजंटने ती मागाहून कापणं मला पटत नाही.

दुसरं, पैसे कुठे येणार. इथे मात्र तुमच्यासारख्या एजंटमार्फत तिकीट काढलेल्यांनी नीट ऐकावं. कंपनीच्या वेबसाइटवरून स्वतः कार्डाने भरलं असतं तर पैसे त्याच कार्डावर आले असते, आणि क्रेडिट कार्डाच्या बाबतीत रद्द झाल्यापासून सात दिवसांत यावेत असं नियम सांगतो. पण एजंट तिकीट काढतो तेव्हा तो विमान कंपनीकडे आधीच भरून ठेवलेल्या त्याच्या डिपॉझिटमधून, आमच्या भाषेत वॉलेटमधून काढतो. रिफंडही त्याच वॉलेटला येतो. तुमचे पैसे तिथून तुमच्या खात्यात यायला एजंटने हात हलवावा लागतो. "कंपनीकडून अजून आलेच नाहीत" हे वाक्य कधी खरं असतं आणि कधी ते पैसे त्याच्या वॉलेटमधून दुसऱ्याच्या तिकिटाला लागलेले असतात. ओळखायचं कसं? पीएनआर आणि आडनाव टाकून कंपनीच्या साइटवर बुकिंग उघडा. परतावा झाला असेल तर तिथे रक्कम आणि तारीख दिसते. दिसत नसेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला मेल करून एकच विचारा: या पीएनआरचा परतावा कोणत्या तारखेला, किती आणि कुणाला केला. उत्तर लेखी आलं की एजंटसमोर ठेवा. वाद घालावा लागत नाही.

आणि एजंटने कंपनीकडून नगद घेऊन तुम्हाला स्वतःच्या एजन्सीची "क्रेडिट नोट" दिली तर ती घेऊ नका. हा क्रेडिटचाच दुसरा अवतार आहे, फक्त कंपनीऐवजी एका दुकानावर विसंबलेला. एजंट विमान कंपनीचा नेमलेला प्रतिनिधी आहे, म्हणून त्याच्यामार्फतच्या तिकिटाचाही परतावा पूर्ण करण्याची जबाबदारी नियमाने कंपनीवरच आहे. त्यालाही मुदत ठरवून दिलेली आहे, आणि कोणत्याही हिशेबाने ती दीड महिन्याच्या पुढे जात नाही. त्यामुळे "महिनोन्महिने लागतात" हे एजंटचं म्हणणं अनुभवाने खरं असेल, नियमाने नाही.

स्वतःच्या कार्डावर रिफंड येणाऱ्यांसाठी एक बारीक सूचना. कंपनी "आम्ही पाठवले" म्हणते आणि बँक "आले नाहीत" म्हणते, तेव्हा कंपनीकडून एआरएन, म्हणजे कार्डावरच्या परताव्याचा संदर्भ क्रमांक मागायचा, 23 अंकी असतो. तो बँकेला दिला की पैसे कुठे अडकलेत ते त्यांना सापडतं. यूपीआयने भरलं असेल तर तसाच 12 अंकी संदर्भ क्रमांक, आरआरएन, मागायचा. नंबर देता येत नसेल तर पैसे अजून निघालेच नाहीत असं समजा.

क्रेडिट कधीच घेऊ नये, असं माझं म्हणणं नाही. माझा एक गिऱ्हाईक दर महिन्याला कामासाठी नागपूर–पुणे करतो, त्याने असंच दहा टक्क्यांचं क्रेडिट घेतलं आणि दोन महिन्यांत संपवलं, फायद्यात राहिला. पण त्याच्या कागदात अट होती की उरलेली रक्कम पुढे चालेल आणि कर-शुल्कालाही वापरता येईल. दुसरी वेळ म्हणजे तुम्ही स्वतः प्रवास रद्द करता तेव्हा. तिकीट बिनपरताव्याचं असेल तर नगद हातात फार कमी येतं, आणि कंपनी भाड्याचा काही भाग क्रेडिट म्हणून देत असेल तर ते घेणं शहाणपणाचं, कारण दुसरीकडे जवळजवळ शून्य आहे. तेव्हाही वैधानिक कर आणि विमानतळ शुल्क मात्र नगद मागायचं, तिकीट बिनपरताव्याचं असलं तरी ते परत करायला नियम सांगतो. बरेच लोक ते मागतच नाहीत. आणि तिसरी गोष्ट गोंधळ नको म्हणून: डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा कंपनीने फार त्रास झालेल्या प्रवाशांना ₹10,000 चे, 12 महिने चालणारे व्हाउचर जाहीर केले होते. ते परताव्याच्या बदल्यात नव्हते, परतावा वेगळा आणि ते वेगळे. असं वरचं काही मिळत असेल तर बिनधास्त घ्या. कागदावर "याच्या बदल्यात", "पूर्ण आणि अंतिम तडजोड म्हणून" असे शब्द आहेत का एवढंच बघा. असतील तर ती भेट नाही, सौदा आहे.

आता तुमचा मेल. रद्द झाल्याच्या मेललाच उत्तर म्हणून पाठवा, नवा मेल नको, म्हणजे धागा एक राहील. एजंटला सीसीमध्ये ठेवा. साध्या इंग्रजीत तीनच गोष्टी लिहा: पीएनआर अमुक, उड्डाण तुम्ही रद्द केलंत; मी क्रेडिट शेल स्वीकारत नाही, उत्तर न दिल्यास मान्य धरण्याची अटही मला मान्य नाही; पूर्ण ₹38,400 मूळ मार्गाने परत करा आणि परताव्याची तारीख व रक्कम मला थेट कळवा. संताप, इशारे, वकिलाचं नाव काही नको. मग लिंकवर जाऊन रिफंडचा पर्याय निवडा. तो पर्याय मोठ्या निळ्या बटणाखाली, बारीक करड्या अक्षरात असेल. तिथे शेवटी जो पुष्टीचा क्रमांक येतो त्याचाही स्क्रीनशॉट काढा.

दाद लागलीच नाही तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. सोबत 1915 वर, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा. माझ्या अनुभवात बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण कंपनीला तिथे लेखी उत्तर द्यावं लागतं. त्याही पुढे जायची वेळ आली तर बेंगळुरूला किंवा कंपनीच्या मुख्यालयाला खेटे घालावे लागत नाहीत. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे आपल्या नागपुरातच, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. पण ₹38,400 साठी तिथवर जायचं असेल तर कागद पूर्ण हवेत: मूळ तिकीट, एजंटचं बिल, पैसे भरल्याचा पुरावा, रद्द झाल्याचा मेल आणि तुम्ही 19 तारखेच्या आत दिलेला नकार. यातला शेवटचा कागद अजून तुमच्याकडे नाही. आज रात्री तो मेल पाठवा, आणि एजंटला उद्या सकाळी फोन करून त्याच्या वॉलेटला रिफंड आला की त्याच दिवशी कळवायला सांगा.